नाक बंद असताना रात्रीची झोप: उतार, कूस आणि त्याआधीचे दोन तास

सर्दीत दिवसभर नाक बऱ्यापैकी चालू असतं. रात्री आडवं झालं की पाच-दहा मिनिटांत गच्च होतं. मग तोंडाने श्वास, घशाला कोरड, तासातासाला जाग. यावर बहुतेक घरांत तीन गोष्टी केल्या जातात: डोक्याखाली आणखी एक उशी, नाकाला बाम आणि नाकात औषधाचे थेंब. यातली उशी चुकीच्या जागी ठेवली जाते, बामाकडून नको ती अपेक्षा धरली जाते आणि थेंब गरजेपेक्षा जास्त दिवस चालू राहतात. खालची कृती मोठ्या माणसांसाठी आणि शाळकरी मुलांसाठी आहे. तान्ह्या बाळाला यातलं जवळपास काहीच लागू नाही. त्याच्यासाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे, घरात बाळ असेल तर तो आधी वाचा.

## नाक नेमकं कशाने बंद होतं

हे समजलं नाही तर पुढचा क्रम पटत नाही, म्हणून थोडक्यात. बंद नाक म्हणजे शेंबडाने भरलेलं नाक, असं आपण धरून चालतो. शेंबूड असतोच, पण वाट अडवण्याचं मोठं काम सूज करते. नाकाच्या आत, बाजूच्या भिंतींवर मांसल उंचवटे असतात, त्यांना डॉक्टर टर्बिनेट म्हणतात. त्यांत बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. सर्दी झाली किंवा ॲलर्जी उसळली की हे जाळं रक्ताने भरतं आणि उंचवटे फुगून वाट बुजवतात.

उभं किंवा बसलेलं असताना डोकं हृदयापेक्षा बरंच वर असतं, त्यामुळे हे रक्त सहज खाली उतरतं. आडवं झालं की डोकं आणि हृदय जवळपास एका पातळीत येतात, उतरण संपते आणि जाळं आणखी भरतं. शिंकरून शिंकरून नाक मोकळं होत नाही ते याच कारणाने. फुगलेली भिंत शिंकरून बाहेर येत नाही, उलट जोर लावला की ती आणखी चिडते.

म्हणजे रात्रीसाठी दोन कामं उरतात. डोकं हृदयापेक्षा वर राहील असं अंथरूण तयार करायचं आणि सूज शक्य तितकी उतरवून मगच त्यावर पडायचं.

## टप्पा १: कोणती बाजू बंद आहे ते बघा

झोपायच्या दोन तास आधी ताठ बसा. उजवी नाकपुडी बाहेरून बोटाने अलगद बंद करा, तोंड मिटा आणि डावीने साधा श्वास घ्या. मग डावी बंद करून उजवीने घ्या. बोटाने नाक दाबून वाकडं करू नका, नाहीतर चालू बाजूही अडते आणि अंदाज चुकतो. जास्त बंद बाजू लक्षात ठेवा, ती टप्पा ६ मध्ये लागेल.

आता गालावर, नाकाच्या अगदी शेजारी दोन बोटं ठेवून गाल कानाच्या दिशेने हलकेच ओढा आणि पुन्हा श्वास घ्या. असं केल्यावर श्वास ठळकपणे मोकळा होत असेल, तर तुमच्या नाकाचा पुढचा भागच मुळात अरुंद आहे. अशा माणसाला नाकावर आडवी चिकटवायची पट्टी रात्री खरंच उपयोगी पडते. काहीच फरक पडत नसेल तर अडथळा आत खोलवर, सुजेचा आहे. पट्टीने त्याला फारसा उतार पडणार नाही.

दोन्ही बाजू आळीपाळीने बंद होत असतील तर घाबरू नका. निरोगी नाकातही काही तासांनी एक बाजू थोडी भरते आणि दुसरी मोकळी होते. एरवी ते कळत नाही, सर्दीत कळतं. एकच बाजू महिनोन्‌महिने बंद असेल तर मात्र तो वेगळा विषय आहे आणि त्याला या लेखाने उत्तर मिळणार नाही.

## टप्पा २: उतार बांधा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. दोन-तीन उशा एकावर एक ठेवल्या की डोकं वर गेलं, असं वाटतं. प्रत्यक्षात पाठ सपाटच राहते आणि फक्त मान पुढे वाकते. हनुवटी छातीकडे येते, घशाची वाट अरुंद होते, घोरणं वाढतं आणि सकाळी मान धरते. उंची मानेपासून नाही, कमरेपासून सुरू झाली पाहिजे.

मोठ्या माणसाच्या कमरेपासून डोक्यापर्यंतचं अंतर साधारण ७५ सेंटिमीटर धरा. तेवढ्या लांबीत डोक्याकडची बाजू २५ सेंटिमीटर वर आली, म्हणजे साधारण वीतभराहून थोडी जास्त, की सुमारे २० अंशांचा उतार मिळतो. नाकासाठी तो पुरतो आणि माणूस घसरतही नाही. ३० अंश हवे असतील तर उंची ३७ सेंटिमीटरच्या आसपास न्यावी लागते. त्यावर काही जणांना छान झोप लागते, पण बरेच जण पहाटेपर्यंत घसरत पायथ्याशी पोचलेले असतात. पहिल्या रात्री २० अंशच ठेवा.

घरातल्या सामानाने तो असा बांधता येतो.

१. उशाच्या बाजूला, गादीच्या खाली, लोड किंवा तक्क्या आडवा ठेवा. लोड नसेल तर दोन रजया घट्ट गुंडाळून दोरीने बांधा.

२. लोडापासून कमरेच्या जागेपर्यंत, तेही गादीखालीच, घडी घातलेल्या गोधड्या किंवा सोलापुरी चादरी पायऱ्यांसारख्या उतरत्या रचा. लोडाजवळ चार पदर, मग तीन, दोन, शेवटी एक. ही भरण नसेल तर लोड आणि गादी यांच्यामध्ये पोकळी राहते आणि पाठीचा मधला भाग तिच्यात बसतो.

३. गादी परत पसरा आणि तिच्यावर डोक्यासाठी एकच पातळ उशी ठेवा, मानेचा नैसर्गिक बाक भरून निघेल एवढीच.

४. गुडघ्यांखाली गुंडाळलेला टॉवेल किंवा छोटी उशी ठेवा. याने घसरणं थांबतं आणि कमरेवरचा ताणही जातो.

गादी जाड स्प्रिंगची किंवा कडक काथ्याची असेल तर ती खालून वाकत नाही. मग हीच रचना गादीच्या वर करून त्यावर जाड चादर ताणून खोचावी. जमिनीवर अंथरूण घालणाऱ्यांचं काम सगळ्यात सोपं. लोड भिंतीला टेकवला की तो मागे सरकत नाही.

तपासणी: आडवे व्हा आणि कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. कान, खांदा आणि कंबर साधारण एका तिरक्या रेषेत हवीत. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये तुमची मूठ सहज मावली पाहिजे. मावत नसेल तर डोक्याखालची उशी कमी करा, लोड नाही. कापसाच्या उशा आणि रजया वजनाने दबतात, म्हणून २५ सेंटिमीटर मोजायचे ते माणूस वर झोपलेला असताना. रिकाम्या अंथरुणावर मोजलेली उंची निम्मीही उरत नाही, असं बऱ्याचदा होतं.

धोका: माळ्यावरून वर्षभराने काढलेली गोधडी तशीच वापरू नका. तिच्यातली धूळ आणि डांबरगोळ्यांचा वास नाक आणखी बंद करतो. दुपारी कडक उन्हात टाका, गच्चीवर झटका आणि मगच रचा. वेळ नसेल तर ती निदान गादीखालीच जाईल हे बघा.

पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. हिशोब करून पाहा. १९० सेंटिमीटर लांबीचा पलंग एका बाजूने १५ सेंटिमीटर उचलला तर उतार जेमतेम साडेचार अंशांचा होतो. छातीत जळजळ होणाऱ्यांसाठी तो चांगला उपाय आहे. कमरेत वाकून झोपणं ज्यांना सोसत नाही, त्यांनी नाकासाठीही तो करून बघावा, पण फरक कमी पडेल ही अपेक्षा ठेवून. चाकांच्या किंवा खालून पेटीसारख्या बंद पलंगाखाली विटा लावू नका. तो रात्री सरकतो.

## टप्पा ३: झोपण्याआधी एक तास, नाक धुणं

मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यावर चिकट शेंबूड, धूळ आणि परागकण निघून जातात, आणि पुढचं औषध शेंबडाच्या थरावर न पडता भिंतीपर्यंत पोचतं. हे एक तास आधी करायचं कारण साधं आहे. धुतल्यावर आत कोपऱ्यात थोडं पाणी अडकतं आणि ते पुढची वीस-तीस मिनिटं थेंबाथेंबाने उतरत राहतं. लगेच आडवं झालं तर ते घशात उतरतं आणि खोकला सुरू होतो.

पाणी: २५० मिलिलिटर. खळखळून उकळी फुटल्यावर पाच मिनिटं उकळू द्या, झाकून कोमट होऊ द्या. मनगटावर थेंब टाकला तर गरम किंवा गार काहीच वाटू नये.

मीठ: सव्वादोन ते अडीच ग्रॅम. घरात एवढा बारीक काटा नसतो, म्हणून सिरपच्या बाटलीबरोबर येणाऱ्या मापाच्या टोपीत २ मिलिलिटरच्या रेघेपर्यंत बारीक मीठ भरा, वजन जवळपास तेवढंच होतं. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर झोंबणं कमी होतं. औषधाच्या दुकानात नाक धुण्यासाठी तयार पुड्या मिळतात. माप चुकण्याची भीती असेल तर त्याच घ्या. मीठ कमी पडलं तर पाणी नाकात पोहताना गेल्यासारखं झोंबतं, जास्त झालं तर जळजळतं. झोंबलं म्हणजे औषध लागू पडतंय, हा समज सोडून द्या. झोंबलं म्हणजे माप चुकलं.

धोका: नळाचं, विहिरीचं किंवा नुसतं फिल्टरचं पाणी नाकात कधीही घालू नका, ते पिण्यासाठी कितीही स्वच्छ असलं तरी. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा पाण्याबरोबर पोटात गेला तर काही करत नाही. नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोचतो आणि तो संसर्ग बहुतेक वेळा जीवघेणा ठरतो. तो दुर्मीळ आहे, पण केरळमध्ये मेंदूच्या अशा अमीबा-संसर्गाचे रुग्ण गेल्या काही वर्षांत सापडले आहेत. पाच मिनिटांच्या उकळीने ही भीतीच उरत नाही.

कृती अशी. बेसिनवर पुढे वाका, डोकं एका बाजूला कलवा, तोंड उघडं ठेवून तोंडाने श्वास घेत राहा. जलनेतीच्या भांड्याची तोटी किंवा दाबायच्या बाटलीचं तोंड वरच्या नाकपुडीला लावा आणि पाणी सावकाश जाऊ द्या. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येईल. अर्धं पाणी एका बाजूने, अर्धं दुसऱ्या बाजूने. मग पुढे वाकलेल्या अवस्थेतच डोकं डावीकडे, उजवीकडे, खाली असं फिरवून निथळू द्या. शेवटी तोंड उघडं ठेवून, एकावेळी एकच नाकपुडी बंद करून हलकेच शिंकरा.

दोन्ही बाजू पूर्ण ठप्प असतील, जराही हवा जात नसेल, तर बाटली दाबून पाणी घुसवू नका. वाट नसलेलं पाणी कानाकडे दाब टाकतं आणि कान दुखू लागतो. अशा रात्री मिठाच्या पाण्याचा तयार फवारा दोन-दोन वेळा मारून पाच मिनिटं थांबा, किंवा गरम पाण्याने आंघोळ करा. आंघोळीच्या वाफेने शेंबूड पातळ होतो, आणि उकळतं पातेलं मांडीजवळ घेऊन टॉवेल पांघरण्यापेक्षा ते कितीतरी सुरक्षित आहे. वाफाऱ्याचा आराम थोडा वेळ टिकतो, पातेलं कलंडून भाजलेली मांडी मात्र महिनाभर पुरते. मुलांना तर पातेल्यावर बसवूच नये.

धुऊन झाल्यावर उरलेलं पाणी फेकून द्या. बाटली किंवा भांडं धुऊन उघडं वाळवा. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये.

## टप्पा ४: औषध, आणि कोणतं कधी

नाक मोकळं करणारे थेंब किंवा फवारे दोन प्रकारचे असतात आणि दुकानातून आणताना त्यांची गल्लत होते. बाटलीवरचं औषधाचं नाव वाचा.

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असं लिहिलं असेल तर ते सुजलेल्या रक्तवाहिन्या आवळतं. पाच-दहा मिनिटांत नाक उघडतं आणि परिणाम बरेच तास राहतो. हे झोपण्याआधी १५-२० मिनिटं, नाक धुतल्यानंतर घ्यायचं. आधी घेऊन मग नाक धुतलं तर औषध बेसिनमध्ये जातं.

धोका: सलग तीन दिवसांपुढे हे वापरू नका. काही दिवसांनी रक्तवाहिन्यांना त्याची सवय होते आणि परिणाम उतरला की त्या पूर्वीपेक्षा जास्त फुगतात. माणसाला वाटतं सर्दी हटत नाही, म्हणून तो पुन्हा थेंब टाकतो. सर्दी केव्हाच गेलेली असते, आता नाक औषधानेच बंद होत असतं. ओळखायची खूण अशी: वाहणं, शिंका, घसा सगळं थांबलंय, पण थेंबांशिवाय झोप येत नाही आणि दोन मात्रांमधलं अंतर दिवसेंदिवस कमी होतंय. असं झालं असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा, यातून बाहेर पडता येतं. रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड, काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा गर्भारपण असेल तर पहिला थेंबही डॉक्टरांना विचारूनच. मुलांसाठी कमी ताकदीची वेगळी बाटली असते, मोठ्यांची त्यांना चालत नाही.

फ्लुटिकासोन, मोमेटासोन ही दुसऱ्या प्रकारची नावं. हे स्टिरॉइडचे फवारे आहेत, प्रामुख्याने ॲलर्जीच्या नाकासाठी. ते रोज घेतल्यावर काही दिवसांनी पूर्ण गुण देतात. आज रात्री फवारा मारून आजच नाक उघडेल, ही अपेक्षा ठेवली की लोक दुसऱ्याच दिवशी तो सोडतात. डॉक्टरांनी दिला असेल तर नाक धुतल्यावर दहा मिनिटांनी घ्या. मान किंचित पुढे, डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात आणि उजवीसाठी डावा, म्हणजे बाटलीचं तोंड आपोआप बाहेरच्या भिंतीकडे वळतं. सरळ मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला तर रक्त येऊ लागतं. जोरात हुंगू नका, औषध घशात जातं.

सर्दीच्या गोळ्यांबद्दल एवढंच: त्यांपैकी बऱ्याच गोळ्यांमध्ये नाक मोकळं करण्यासाठी फेनिलेफ्रिन असतं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागार समितीने पुरावा तपासून सांगितलं की तोंडाने घेतलेलं फेनिलेफ्रिन नेहमीच्या मात्रेत नाक मोकळं करत नाही. गोळीने ताप आणि अंगदुखी उतरेल, ती तिच्यातल्या पॅरासिटामॉलने. नाकासाठी तिच्यावर भिस्त ठेवू नका.

आणि बाम. मेन्थॉलमुळे नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना हवा जास्त येतेय असं वाटतं, सूज मात्र तितकीच राहते. त्या भासानेही झोप लागायला मदत होते, म्हणून छातीला किंवा गळ्याला लावायला हरकत नाही. नाकपुडीच्या आत लावू नका.

## टप्पा ५: खोली

पंख्याचा झोत चेहऱ्यावर येत असेल तर उशाची दिशा बदला. एसीने आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या हिवाळी हवेने नाक आतून सुकतं, शेंबडाची खपली धरते. तिथे खोलीत ओला पंचा वाळत टाकणं पुरतं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात नेमकं उलटं आहे. हवा आधीच ओलसर असते, आणखी ओल केली तर भिंतींना बुरशी धरते आणि गादीतले धूलिकणांतले कीटक वाढतात. तिथे ओला पंचा नको. उदबत्ती आणि मच्छर-कॉइल दोन्हीकडे बंद, मच्छरदाणी लावा.

## टप्पा ६: पडायचं कसं

उताराइतकाच उपयोग कुशीचा होतो. कुशीवर झोपल्यावर खालची नाकपुडी हळूहळू भरते आणि वरची मोकळी होते. म्हणून जास्त बंद असलेली बाजू वर ठेवा. उजवी बंद असेल तर डाव्या कुशीवर. फरक लगेच कळत नाही, दहा-पंधरा मिनिटं द्या. दोन मिनिटांत कूस बदलत राहिलं तर कोणतीच बाजू उघडत नाही.

२० अंशांच्या उतारावर कुशीवर झोपलं तर कंबर बाजूला वाकते. तुम्ही मुळात कुशीवरच झोपणारे असाल तर उतार १५ सेंटिमीटरवर आणा, डोक्याखालची उशी खांद्याच्या रुंदीएवढी जाड घ्या आणि गुडघ्यांमध्ये एक उशी ठेवा. गर्भारपणात नाक वारंवार बंद होतं, तिथे हीच रचना डाव्या कुशीवर सोयीची पडते.

नाक बंद असताना तोंडावर चिकटपट्टी लावून झोपण्याचे व्हिडिओ फिरतात. ते करू नका. दोन्ही वाटा एकदम बंद करण्यात कसलाच फायदा नाही.

## एक रात्र, घड्याळाप्रमाणे

समजा, सर्दीचा दुसरा दिवस आहे, माणूस चाळिशीचा, इतर काही आजार नाही, उजवी बाजू ठप्प आणि डावी अर्धवट चालू. झोपायची वेळ अकरा.

साडेआठला हलकं जेवण. दारू नको, तिने नाकाची सूज वाढते. नऊ वाजता नाकपुड्या तपासून उजवी बंद असल्याची नोंद, आणि उताराची रचना. पाणी याच वेळी उकळून ठेवलं, म्हणजे वेळेवर कोमट होईल. पावणेदहाला दहा मिनिटं झपझप चालणं. चालण्याने नाकातल्या रक्तवाहिन्या आपसूक आवळतात आणि डावी बाजू पूर्ण, उजवी थोडी उघडते. ही संधी साधून दहाला नाक धुणं. उजवीकडून पाणी आधी नुसतं ठिबकतं, मग वाट सापडते. पाऊण तास बसून राहायचं, सोफ्यावर आडवं व्हायचं नाही. पावणेअकराला झायलोमेटाझोलिनचे थेंब, आजची दुसरी रात्र, म्हणजे उद्यापर्यंतच. अकराला १५ सेंटिमीटरच्या उतारावर डाव्या कुशीवर. उशाशी पाण्याचा तांब्या, मऊ सुती रुमाल, मिठाच्या पाण्याचा फवारा. ओठांना आणि नाकपुडीच्या बाहेरच्या कडेला तूप.

तीन वाजता जाग येते, आता डावी बंद. हे अपेक्षितच आहे, खालची बाजू भरली. पुन्हा थेंब टाकायची वेळ झालेली नाही, दोन मात्रांमध्ये बाटलीवर लिहिलेलं अंतर पाळायचं. उठून पाच मिनिटं ताठ बसायचं, दोन घोट पाणी, दोन्हीकडे मिठाचा फवारा, हलकेच शिंकरणं आणि उजव्या कुशीवर वळणं. मोबाइल हातात घेतला तर जाग लांबते. पंधरा मिनिटांनी डावी उघडू लागते.

## तान्ह्या बाळासाठी

वर्षाच्या आतल्या बाळाला उतार नाही, उशी नाही, गादीखाली काही नाही. कडक, सपाट अंथरुणावर, पाठीवर, सर्दी असली तरी. तिरक्या जागेवर बाळाचं जड डोकं पुढे कलंडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट बंद होते. ते स्वतः मान सरळ करू शकत नाही. पाळण्याच्या झोळीत मान दुमडत असेल तर सर्दीच्या दिवसांत झोळीही नको.

करायचं एवढंच: दूध पाजण्याआधी आणि झोपवण्याआधी औषध दुकानातल्या बाळांच्या सलाइनचे दोन थेंब प्रत्येक नाकपुडीत, मिनिटभर थांबून रबरी पंपाने अलगद ओढून घेणं. पंपाचा फुगा आधी दाबायचा, मग टोक नाकपुडीच्या तोंडाशी धरायचं आणि मग सोडायचा. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त नाही, नाहीतर नाक आतून सुजतं.

अंघोळीच्या वेळी बाळाच्या नाकात तेल किंवा तूप सोडण्याची रीत अजून बऱ्याच घरांत आहे. करणारे हात मायेचे असतात, तरीही थांबवा. तेल श्वासनलिकेत उतरलं तर खोकला न येता फुप्फुसात साचतं आणि तिथे न्यूमोनिया होतो. कापराची पुरचुंडी आणि कापूर असलेला बामही नको, कापराने लहान मुलांना झटके येऊ शकतात. ओव्याची गरम पुरचुंडी अंथरुणात ठेवली तर कातडी भाजते.

## डॉक्टरांकडे कधी

श्वास घेताना छाती आत खेचली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ दूध ओढू शकत नसेल तर रात्रीच निघा, सकाळची वाट बघू नका. डोळ्याभोवती सूज आणि ताप, किंवा प्रचंड डोकेदुखीबरोबर मान आखडणं, यालाही हेच लागू.

दहा दिवसांत सर्दी उतरली नाही, किंवा बरी होता होता पुन्हा ताप आणि गालफडात ठणका सुरू झाला, तर दोन-चार दिवसांत दाखवा. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल तर आत चणा, मणी किंवा खडू अडकलेला असण्याची शक्यता मोठी आहे. चिमट्याने काढायला जाऊ नका, ती वस्तू मागे सरकते. मोठ्या माणसाची एकच नाकपुडी बंद राहून तिच्यातून रक्त येत असेल तर तेही लवकर तपासून घ्या.

सर्दी नसतानाही माणूस मोठ्याने घोरत असेल, मध्येच श्वास थांबून दचकून उठत असेल आणि दिवसा बसल्या बसल्या पेंगत असेल, तर उतार आणि थेंब बाजूला ठेवा. झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्या. जाताना शेजारी झोपणाऱ्याला बरोबर न्या, कारण श्वास किती वेळ थांबतो हे झोपलेल्याला माहीतच नसतं.